मँचेस्टरातली येळवस: आठ रविवार, एक आजी आणि एक खोप

"ताई, आम्ही मूळचे औसा तालुक्यातले, आता मँचेस्टरला असतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दोघांना मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देतात. इथल्या मंडळात गणपती, दिवाळी होते, पण नाच, जेवण, फोटो, संपलं. आई गावाकडं असते. तिला इंग्रजी येत नाही, त्यामुळं फोनवर दोन मिनिटांत बोलणं आटपतं. भाषा आणि सण दोन्ही लेकरांना लागावेत असा घरात करता येईल असा एखादा प्रकल्प सुचवा."

दिवाळी आणि गणपती मंडळाकडंच राहू द्या. तुमच्या घरासाठी येळवस धरा, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला रानात कडब्याची खोप घालून पूजा करायचा आपल्याकडचा सण.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. त्यानंतर गेली काही वर्षं आमच्या भागातल्या आजी-आजोबांना परदेशातल्या नातवंडांशी बोलतं करण्याचं काम करते. बऱ्याच सणांवर प्रयोग करून झाले. गणपतीची माहिती लेकरांना यूट्यूबवर इंग्रजीत मिळते, मग आजीला विचारायचं कारणच उरत नाही. येळवशीचं तसं नाही. लातूर, धाराशिव, नांदेडचा काही भाग आणि सोलापूर, बिदर, कलबुर्गीकडचा शेजार सोडला तर हा सण मराठी माणसालाही नीट ठाऊक नाही. तुमच्या रानात खोप कुठल्या झाडाखाली घालतात, पांडवांचे दगड कोण मांडतं, ताक-बेसनात शिजवलेल्या भज्जीत चुक्याची आंबट भाजी किती पडते, हे जगात एकाच माणसाला माहीत आहे, आणि त्या माणसाला इंग्रजी येत नाही. तुम्ही ज्याला अडचण म्हणताय तेच तुमचं भांडवल आहे.

लेकरं इंग्रजीत उत्तर देतात यात त्यांचा हट्ट नसतो. तुम्हाला इंग्रजी कळतं हे त्यांना पक्कं माहीत असतं, म्हणून जे पटकन येतं ते बोलतात. "मराठीत बोल" म्हणून दटावलं की एक वाक्य मराठीत येतं आणि पुढचं बोलणंच बंद होतं. मराठीवाचून जिथं काम अडतं तिथंच लेकरू मराठी बोलतं. म्हणून प्रकल्पाची रचना अशी करायची की येळवशीचा मुकादम तुमची मुलगी असेल, आणि तिला लागणारी प्रत्येक गोष्ट आजीकडूनच आणावी लागेल.

आधी तारीख बघा, कारण तिच्यातच मुलीसाठी पहिलं कोडं आहे. येळवस मार्गशीर्ष अमावास्येला येते. 2024 साली ती दोनदा आली, 11 जानेवारीला आणि 30 डिसेंबरला. 2025 ला 19 डिसेंबरला झाली. आणि 2026 च्या इंग्रजी वर्षात ती येतच नाही, थेट 7 जानेवारी 2027 ला येते. असं का, हे मुलीला कालनिर्णय समोर ठेवून शोधू द्या. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी अकराएक दिवस अलीकडं सरकतो. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आला, त्यामुळं तो एकदम पुढं ढकलला गेला. नऊ वर्षांच्या लेकराला ही वजाबाकी जमते. फक्त उत्तर तुम्ही सांगू नका, "धोंड्याचा महिना म्हणजे काय" हे आजीला विचारायला लावा. धोंडे कसे तळायचे आणि जावयाला काय द्यायचं इथपर्यंत आजी जाईल. जाऊ द्या.

2026 ची दिवाळी 8 नोव्हेंबरला, रविवारीच आहे. तिथून येळवशीपर्यंत 15 नोव्हेंबर ते 3 जानेवारी असे बरोबर आठ रविवार मिळतात. एका रविवारी एक फोन आणि एका फोनला एकच काम. तुमच्याकडचे सकाळचे दहा म्हणजे इकडं दुपारचे साडेतीन, आईची वामकुक्षी झालेली असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं मागं जातात आणि साडेचार तासांचं अंतर साडेपाच होतं. हे आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती फोन हातात धरून तासभर बसते आणि मग रुसते. माझ्याकडं याच कारणानं दोन घरांत पहिलाच फोन भांडणात गेला.

फोनचे नियम थोडे आहेत, पण ते मोडले की काही उरत नाही. फोन पंधरा मिनिटांचा. मुलीच्या हातात वही, वहीत आजीला विचारायचा एकच प्रश्न, तोही तिनं स्वतः लिहिलेला. देवनागरी येत नसेल तर इंग्रजी अक्षरांत लिहू द्या, सध्या आपल्याला तोंड उघडायचं आहे, अक्षर नव्हे. आणि तुम्ही दोघं नवरा-बायको त्या खोलीत थांबायचं नाही. हे सर्वांत अवघड जातं. लेकरू अडखळलं की आई-बाप मधे तोंड घालतात, "ती विचारतेय की खोप किती उंच असते". एकदा असं झालं की मुलीला कळतं, दुभाषा हजर आहे, आपण गप्प बसलं तरी भागतंय.

आजीलाही थोडं शिकवावं लागतं. आपल्याकडच्या आज्यांचे फोनवरचे प्रश्न ठरलेले. जेवलीस का, शाळेत गेलतीस का, मला ओळखलंस का, कधी येणार. यातल्या पहिल्या तीन प्रश्नांना 'हो' एवढंच उत्तर लागतं आणि चौथ्याचं उत्तर लेकराच्या हातात नसतं. दुसरी खोड म्हणजे नातवंडांना बरं वाटावं म्हणून "गुड गर्ल, व्हेरी नाइस" सुरू करणं. तुमच्या आईला मी सांगेन तेच तुम्ही सांगा: प्रश्न नातीनं विचारायचे, आजीनं सांगायचं, आणि नात चुकीचं बोलली तर टोकायचं नाही, तेच वाक्य आपल्या बोलण्यात नीट करून म्हणायचं. नात म्हणाली, "आजी, खोप कसा बांधतो?" तर आजीनं "खोप कशी बांधतात म्हणतीस? सांगते की" एवढंच म्हणून पुढं जायचं. लेकराला दुरुस्ती ऐकू येते आणि अपमान होत नाही.

एका घराचं उदाहरण सांगते म्हणजे रविवार कसे भरतात ते दिसेल. लातूरपासून जवळच्याच गावची आजी, नात आठ वर्षांची, लेस्टरला. पहिल्या रविवारी नातीनं विचारलं, भज्जीत काय काय घालतात? आजी सुरू झाली: तुरीचे सोलाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, भुईमुगाचे दाणे, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर, चार बोरं, हिरवी चिंच, वरून ताकात कालवलेलं बेसन. नात दुसऱ्याच शब्दाला अडकली. सोलाणे म्हणजे काय? आजीनं कॅमेऱ्यासमोर तुरीची शेंग सोलून हिरवे दाणे तळहातावर घेतले. त्या लेकरानं तो शब्द नंतर कधी विसरल्याचं मला आठवत नाही.

खरी मजा दुसऱ्या रविवारी झाली. नातीनं विचारलं, किती घालायचं? आजी म्हणाली, मूठभर. नातीनं विचारलं, कुणाची मूठ? आजी हसली, तिला उत्तर येईना. मग नातीनं आपल्या मुठीत मावलेलं बेसन स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं, आणि आजीनं आपल्या मुठीतलं किराणा दुकानात जाऊन मोजून घेतलं. आजीची एक मूठ नातीच्या जवळजवळ दोन मुठींएवढी भरली. तिथून चिमूट, मूठ, ओंजळ, मग मापटं, शेर, पायली असं बोलणं निघालं आणि पंधरा मिनिटांचा फोन चाळीस मिनिटं चालला. वहीत नातीनं दोन रकाने केले, 'आजीची मूठ' आणि 'माझी मूठ'. पाककृती तिथं पाककृती राहिली नाही, तिचा हिशोब झाला. तुमच्या मुलीकडूनही हेच करून घ्या. आजीच्या अंदाजाचं ग्रॅममध्ये रूपांतर करणं हे काम आजपर्यंत तुमच्या घरात कुणी केलेलं नसणार, आणि आजी असेतोवरच ते होण्यासारखं आहे.

सहा वर्षांच्या मुलाला वहीचं काम देऊ नका. त्याला ज्वारी द्या. आजीनं दर रविवारी रानातल्या एकाच ताटाचा, म्हणजे ज्वारीच्या एकाच धाटाचा, फोटो पाठवायचा, त्याला आधी खूण म्हणून चिंधी बांधून ठेवायची. नोव्हेंबरात रब्बीची ज्वारी त्याच्या गुडघ्याएवढी असेल. मग ती पोटरीत येईल, निसवेल, दाणा चिकात भरेल, आणि येळवशीनंतर हुरड्याला येईल. पोटरीत येणं म्हणजे कणीस आत पोटात असणं, हे त्या वयाच्या लेकराला फार आवडतं. त्यानं दर आठवड्याला आजीला एकच विचारायचं: "आता ज्वारी कशात आहे?" उत्तराचा शब्द दर वेळी बदलतो, प्रश्न तोच राहतो, त्यामुळं लहान पोराचं धाडस होतं. तुमच्या रानात आता ज्वारी नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. लातूरकडच्या निम्म्या शिवारात सोयाबीन आणि मागून हरभरा आहे, येळवशीला खोपीसाठी कडबा विकत आणणारी घरं मी दर वर्षी बघते. मग हरभऱ्याचं झाड धरा. तो घाटे कधी धरतो ते विचारा.

हरभरा तुम्ही तिकडंही लावू शकता, आणि लावाच. भारतीय दुकानातले अख्खे तपकिरी हरभरे घ्या, डाळ किंवा काबुली नको. रात्रभर भिजवून, 29 नोव्हेंबरच्या सुमारास बोटाच्या एका पेराएवढे खोल मातीत टोचा आणि ट्रे सर्वांत उजेडाच्या खिडकीत ठेवा. तिकडच्या हिवाळ्यात उजेड कमी, त्यामुळं रोपं लांबट आणि लवचिक होतील, घाटे धरणार नाहीत. चालतंय. आपल्याला पाला हवा आहे. रोपं वीतभर झाली की शेंडे खुडायचे. आपल्याकडं शेतात खुडतात तेच काम, शब्दही तोच. मुलानं एक पान चावून बघितलं की ते आंबट लागेल. ती हरभऱ्याची आंब, पानांवरच्या केसांतून आम्ल पाझरतं. पूर्वी पहाटे पिकावर फडकं फिरवून ती गोळा करायचे, पोटदुखीवर द्यायचे. तुमच्या आईनं ते लहानपणी बघितलं असेल, विचारायला लावा. एक रविवार तिथंच गेला.

आता स्वयंपाक. सहा माणसांसाठी हिशोब सांगते, मग तुमची मुलगी आजीच्या मुठीशी ताडून बघेल. तुरीचे हिरवे दाणे गुजराती दुकानात गोठवलेले मिळतात, पाकिटावर 'तुवेर लिलवा' असं नाव असतं. ते 200 ग्रॅम, गोठवलेला वाटाणा 200, सुके हिरवे हरभरे मिळाले तर रात्रभर भिजवून 100 ग्रॅम, शेंगदाणे दोन मुठी, मेथीची एक जुडी, पालक तेवढाच, आणि तुमच्या खिडकीतले हरभऱ्याचे शेंडे. चुका बहुधा मिळणार नाही, त्याऐवजी चिंचेचा कोळ. मंडळातली इतर लेकरं जेवायला येणार असतील तर शेंगदाण्याचं आधी विचारून घ्या. तिकडच्या शाळांत हा विषय गंभीर असतो आणि तो बरोबरच आहे.

दाणे मीठ घालून आधी शिजवून घ्या, भाज्या शेवटी टाका. 100 ग्रॅम बेसन एक लिटर पातळ ताकात गुठळी न ठेवता कालवा, लसूण, जिरं, हिरवी मिरची, हळद यांच्या फोडणीवर ओता आणि उकळी फुटेपर्यंत पळी थांबवू नका. थांबली की ताक फाटतं, वर पाणी आणि खाली चोथा दिसतो. उकळी आल्यावर दाणे-भाज्या सोडून वीसेक मिनिटं मंद आचेवर ठेवा. भज्जी पातळ पिठल्याहून थोडी दाट असावी, बाजरीचा उंडा त्यात बुडवला तर बुडावा, तरंगू नये. पळी फिरवत ठेवायचं काम मुलीला द्या आणि त्या वेळी आजीचा फोन चालू ठेवा. हात गुंतलेले असले की लेकरं जास्त बोलतात, हे मी वर्गात कधी पाहिलं नव्हतं, या फोनांवर पाहिलं.

अंबीलीत मात्र लोक फसतात. इकडं ज्वारीचं पीठ रात्री भिजवलं की सकाळपर्यंत आंबतं. मँचेस्टरच्या जानेवारीत ते सकाळी जसंच्या तसं असतं, नुसतं ओलं पीठ. एक वाटी पिठाला दोन वाट्या पाणी घालून दीड दिवस आधी भिजवा आणि भांडं बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. आंबूस वास आला आणि वर बारीक बुडबुडे दिसले म्हणजे तयार. गुलाबी, काळपट डाग किंवा बुरशी दिसली तर फेकून द्या, लेकरांवर प्रयोग नको. मग चार वाट्या उकळत्या पाण्यात हळूहळू सोडून, ढवळत शिजवा आणि पूर्ण गार होऊ द्या. ताक गार झाल्यावरच घालायचं, गरम असताना घातलं तर फाटतं. लसूण, आलं, जिरं वाटून आणि मीठ. तिकडचं दही आपल्यासारखं आंबट नसतं, एक दिवस बाहेर ठेवून मग ताक करा. इकडं अंबील मातीच्या बिंदग्यात भरून डोक्यावर रानात नेतात. तुमच्याकडं मातीचं भांडं नसेल तर स्टीलची कळशी चालेल, पण ती मुलीनंच उचलून अंगणात न्यायची.

खोपीसाठी रानात कडब्याच्या पाच पेंढ्या लागतात. वरून एकत्र बांधायच्या, खाली पसरायच्या, आत लेकरू वाकून शिरेल एवढी जागा ठेवायची आणि वरून शाल किंवा नवं कापड गुंडाळायचं. तुमच्या मागच्या अंगणात बागकामाच्या दुकानातल्या सहा-सात फुटी बांबूच्या पाच काठ्या घ्या, शेंड्याला सुतळीनं बांधा, बुडं जमिनीत वीतभर रोवा. तिकडचा वारा खोप उलथवतो, म्हणून बुडाशी विटा ठेवा. गवत मिळालं तर उत्तम, नाहीतर तपकिरी कागदाच्या पट्ट्या आणि वर आजीची जुनी शाल. शाल आजीची असली पाहिजे, पुढच्या वेळी गावाहून येताना घेऊनच जा. आत पाच गुळगुळीत दगड, चुन्यानं रंगवलेले, त्यांना पांडव म्हणायचं. दगड मुलानं हिंडून शोधायचे आणि फोनवर आजीला एकेक दाखवून पास करून घ्यायचे. लेस्टरच्या त्या नातीच्या आजीनं चार दगड नापास केले. "हा भीम व्हय? हा तर सहदेव दिसलालाय." त्या नातीनं आठवडाभर भीम शोधला.

मग चर शिंपायचा. भज्जी-अंबील पानावर घेऊन शेताच्या चारी बाजूंनी शिंपडत "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणतात. गावागणिक शब्द फिरतात, कुठं 'होलगे', कुठं 'पोलगे', पुढं पाच पांडवांचं नाव आणि हर हर महादेव. अर्थ विचारलात तर दहा माणसं दहा सांगतील. आमचा भाग कानडीला लागून आहे, कानडीत या अमावास्येला 'एळ्ळ अमावास्या' म्हणतात, एळ्ळु म्हणजे तीळ, आणि आपली 'येळा' किंवा 'वेळा' अमावास्या त्याच शब्दावरून आली असं म्हणतात. पण त्या ओळी अर्थासाठी नाहीत, आवाजासाठी आहेत. इंटरनेटवरून घेऊ नका. आजीनं म्हटलेल्या जशाच्या तशा फोनवर ध्वनिमुद्रित करून मुलांना पाठ होऊ द्या. 27 डिसेंबरचा रविवार यासाठीच ठेवा, ख्रिसमसच्या सुट्टीत लेकरं घरी असतात आणि दिवसभर ओरडत फिरतात. शेजाऱ्यांना आधी सांगितलेलं बरं.

प्रत्यक्ष दिवस गुरुवारचा आहे आणि तिकडं शाळा उघडलेली असण्याची शक्यता जास्त. त्यामुळं दोन भाग करा. 7 तारखेला रानात दुपारी एकच्या सुमारास पूजा होते, म्हणजे तुमचे सकाळचे साडेसात. शाळेला जायच्या आधी लेकरांनी फोनवरून फक्त तेवढं बघायचं. आईला एकटीला फोन धरून पूजा करणं जमणार नाही, पुतण्या-भाचा कुणीतरी सोबत द्या. बऱ्याच शिवारांत रेंज खोपीपाशी नसते, बांधावर किंवा रस्त्याकडेला असते. ती जागा आदल्या रविवारी तपासून घ्या. नाहीच मिळाली तर चित्रफीत काढून संध्याकाळी पाठवा, रडू नका. तुमची स्वतःची येळवस शनिवारी 9 तारखेला दुपारी करा. अमावास्या हुकली म्हणून काही आज्या कुरकुरतात. तुमच्या आईनं कुरकुर केली तर लेकरांनीच तिची समजूत काढू दे, मराठीत.

संध्याकाळी इकडं हेंडगा पेटवतात, वाळल्या गवताचा किंवा कडब्याचा पेटता पेंडा घेऊन शेताला फेरी मारतात आणि पळत गावात येतात. ते तिकडं करू नका. बॅटरीचे कंदील घेऊन अंगणाला पाच फेऱ्या, तेवढं पुरे. तुमच्याकडं त्या दिवसांत चार वाजताच अंधारतं, सहा वर्षांच्या पोराला तेवढ्यानंही पुरेसा थरार मिळतो.

हे सगळं चाललंय की नुसता देखावा होतोय, हे कसं ओळखायचं? फोन ध्वनिमुद्रित करत चला आणि पहिल्या, चौथ्या, आठव्या रविवारचा शांतपणे ऐका. शब्द किती आले ते मोजू नका. लेकरानं वहीत नसलेले किती प्रश्न स्वतःहून विचारले ते मोजा. पहिल्या फोनला बहुधा एकही नसतो. चौथ्यापर्यंत दोन-तीन आले तर गाडी रुळावर आहे. आठव्यालाही शून्य असेल तर दोष बहुतेक वेळा मोठ्यांचा सापडतो: एकतर तुम्ही खोलीत बसलेले असता, नाहीतर आजी एका दमात सगळं सांगून टाकते आणि नातीला विचारायला काही ठेवतच नाही. दुसऱ्या कारणावर उपाय सोपा आहे. आजीला सांगायचं, प्रत्येक वेळी एक गोष्ट मुद्दाम अर्धी ठेवा. "आमच्या रानात एकदा येळवशीला काय झालतं ते पुढच्या रविवारी."

एक तक्रार तुमच्याकडून येणारच, म्हणून आत्ताच उत्तर देऊन ठेवते. मुलगी आजीसारखं बोलायला लागेल. "काय करलालीस", "येलालाव का" असं. रविवारच्या मराठी शाळेत कुणीतरी ते अशुद्ध आहे म्हणेल. माझ्या ओळखीच्या एका घरात एका शिक्षिकेनं मुलीला सगळ्यांसमोर टोकलं आणि ती पोर महिनाभर आजीशी बोलायला तयार नव्हती. मी स्वतः तीसेक वर्षं व्याकरण शिकवलेलं आहे, तरी सांगते, ते अशुद्ध नाही, ती लातूरची बोली आहे. वहीत डाव्या पानावर आजीचं वाक्य, उजव्या पानावर पुस्तकातलं. "काय करलालीस" डावीकडं, "काय करते आहेस" उजवीकडं. लेकरं घरात एक आणि शाळेत दुसरी इंग्रजी बोलतात, त्यांना हे अजिबात अवघड जात नाही.

या प्रकल्पातून काय होत नाही तेही ऐकून ठेवा. भाऊ-बहीण एकमेकांत इंग्रजीच बोलतील, ते थांबवता येत नाही आणि मी थांबवायचा प्रयत्नही सोडलाय. वाचता-लिहिता येणं यातून येणार नाही, त्याला शाळा किंवा रोजची वीस मिनिटं वेगळी लागतात. येळवस झाल्यावर फोन बंद पडले तर दोन महिन्यांत बोलणं पुन्हा दोन मिनिटांवर येतं, हे मी बहुतेक घरांत पाहिलं. त्यामुळं फेब्रुवारीत हुरडा, मग कडब्याची गंजी, उन्हाळ्यात कुरडया-पापड, जूनमध्ये पेरणी असं आजीचं जे काम चालू असेल ते धरून महिन्याला दोन फोन चालू ठेवा. मुलगी बारा-तेराची झाली की दगड रंगवायला तिला लाज वाटायला लागते. तेव्हा तिच्याकडं दुसरं काम द्या, आजीच्या मुठींची वही टंकून, आते-मामे-चुलत भावंडांना पाठवण्याचं. जे घर बीड-परभणीकडचं आहे आणि ज्यांच्यात येळवस नाही, त्यांनी ती उसनी घेऊ नये. त्यांच्या आजीच्या हातात जे आहे, पोळ्याचे मातीचे बैल किंवा भुलाबाई, ते धरावं.

आता लगेच करायचं ते एवढंच. आईला आज फोन करून सांगा की औंदा खोपीची एक पेंढी जास्तीची बांधून ठेव, नातवंडं उन्हाळ्यात आल्यावर तिच्यावर बसून हिशोब करणार आहेत. आणि रानात गेल्यावर चिंधी बांधायला एक ताट निवडून ठेव म्हणावं, बांधाजवळचं नको, ते शेळ्या खातात.